पाच चिठ्ठ्यांचा गोंधळ: मतदानाच्या पायऱ्या सांगणारे पत्रक मराठीत कसे आणावे

मतदार जागृतीच्या पत्रकांचे मराठी अनुवाद तपासायला माझ्याकडे येतात, तेव्हा व्याकरणाच्या चुका फारशा सापडत नाहीत. सापडते ते वेगळेच. इंग्रजी पत्रकातले प्रत्येक वाक्य मराठीत आलेले असते, पण ते वाचून मतदान केंद्रावर गेलेल्या माणसाला कोणासमोर उभे राहायचे, हातातल्या कागदाचे काय करायचे आणि बाहेर कधी पडायचे हे कळत नाही. वाक्ये आली, पायऱ्या आल्या नाहीत. ही चूक कुठे होते आणि ती टाळायला काम कोणत्या क्रमाने करायचे, ते इथे लिहितो आहे.

उदाहरण म्हणून लोकसभा किंवा विधानसभा निवडणुकीचे, मतदानाच्या दिवसापुरते पत्रक घेऊ. नाव नोंदणीचे पत्रक हे वेगळे काम आहे. दोन्ही एकाच पानावर आणू नका.

टप्पा १: निवडणूक कोणती, ते आधी ठरवा

लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेतो. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. अनुवादकाला हा फरक कार्यालयीन वाटतो, पण त्याने पायऱ्याच बदलतात. लोकसभा-विधानसभेला एक मत असते आणि मतदान यंत्राशेजारी व्हीव्हीपॅट असते, म्हणजे कोणाला मत दिले ते छापून दाखवणारे यंत्र. स्थानिक निवडणुकीत एकाच मतदाराला एकाहून जास्त मते द्यावी लागू शकतात आणि व्हीव्हीपॅट असेलच असे नाही.

नोटाबाबतही, म्हणजे कोणत्याही उमेदवाराला मत न देण्याच्या पर्यायाबाबतही, असेच आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मते पडली, तरी उमेदवारांपैकी ज्याला जास्त मते मिळतात तोच निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने मात्र स्थानिक निवडणुकांसाठी २०१८ साली वेगळा आदेश काढला. नोटाला सर्वाधिक मते पडल्यास तिथे पुन्हा निवडणूक घ्यायची, असे त्यात म्हटले आहे. विधानसभेच्या पत्रकातले नोटाचे वाक्य उचलून नगरपालिकेच्या पत्रकात टाकणारे अनुवाद मी पाहिले आहेत. वाक्य शुद्ध होते, माहिती चुकीची होती.

*तपासा:* निवडणुकीचे नाव आणि वर्ष पत्रकाच्या पहिल्या ओळीतच आले आहे ना? मूळ पत्रकात नसेल, तर अनुवादाला हात लावण्यापूर्वी पत्रक काढणाऱ्यांकडून ते मागून घ्या.

टप्पा २: अनुवाद करण्यापूर्वी खोलीचा नकाशा काढा

कोरा कागद घ्या आणि मतदार दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत कुठे कुठे जातो, ते बाणांनी काढा. हा टप्पा बहुतेकजण गाळतात आणि पुढचे सगळे गोंधळ इथूनच निघतात.

साधा नकाशा असा होतो. पहिल्या मतदान अधिकाऱ्यांकडे मतदार यादी असते. ते नाव शोधतात आणि ओळखीचा पुरावा पाहतात. दुसऱ्या अधिकाऱ्यांकडे नोंदवही, शाई आणि चिठ्ठ्या असतात. तिसऱ्या अधिकाऱ्यांकडे कंट्रोल युनिट असते. ते चिठ्ठी घेतात, बोटावरची शाई पाहतात आणि मत देण्यासाठी यंत्र सुरू करतात. त्यानंतर मतदार आडोशामागे जातो. तिथे बटणांचे यंत्र आणि व्हीव्हीपॅट असते. या सगळ्यांवर देखरेख करणारे केंद्राध्यक्ष त्याच खोलीत बसलेले असतात.

आता मूळ इंग्रजी मजकूर या नकाशावर ठेवून वाचा. इंग्रजी पत्रकात बरेचदा एकाच वाक्यात लिहिलेले असते, की दुसरे अधिकारी बोटाला शाई लावतील, चिठ्ठी देतील आणि नोंदवहीत सही घेतील. याच क्रमाने मराठीत लिहिले, तर चिठ्ठी हातात पडताच मतदार पुढे निघतो आणि सही राहून गेली म्हणून त्याला मागे बोलावतात. दुसऱ्या अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवर नोंदवहीतला क्रमांक लिहिलेला असतो. म्हणजे नोंदवहीत नोंद झाल्यावरच ती चिठ्ठी हातात यायची. मराठीत चिठ्ठी शेवटी लिहा.

बटण दाबल्यावर यंत्रातून येणाऱ्या बीपच्या आवाजाचेही तसेच. काही पत्रकांत आवाज आधी आणि व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नंतर लिहिलेली असते, काहींत उलटे. मूळ मजकुरावर विसंबू नका. निवडणुकीआधी यंत्रांची प्रात्यक्षिके होतात. तिथे जाऊन स्वतः बटण दाबून पाहा आणि जे दिसले, ऐकू आले, त्याच क्रमाने लिहा. तेवढी सवड नसेल, तर आवाज आणि चिठ्ठी यांच्या क्रमाबद्दल काही न बोलता दोन्ही गोष्टी होईपर्यंत जागेवर थांबायला सांगा. ते वाक्य कुठल्याही क्रमात खरे ठरते.

*खबरदारी:* क्रम बदलायचा असेल, तर तो गुपचूप बदलू नका. बदल आणि त्याचे कारण वेगळ्या कागदावर लिहून पत्रक काढणाऱ्यांना द्या. मूळ मजकुरात नसलेली गोष्ट घालण्यालाही हाच नियम आहे. 'सही' या शब्दापाशी 'किंवा अंगठा' हे जोडणे गरजेचे असते, कारण सही न येणारे मतदार तो शब्द वाचून किंवा ऐकून बिचकतात. पण तेही विचारूनच जोडायचे.

टप्पा ३: एका वस्तूला एकच नाव द्या

सर्वांत जास्त वेळ या टप्प्याला द्या. इंग्रजीत 'स्लिप' हा एक शब्द येतो आणि अनुवादक प्रत्येक वेळी 'चिठ्ठी' लिहून मोकळा होतो. मतदाराच्या हातात किंवा डोळ्यांसमोर मात्र पाच निरनिराळ्या चिठ्ठ्या येऊ शकतात.

पहिली मतदानाच्या काही दिवस आधी बीएलओ, म्हणजे त्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारे कर्मचारी, घरी आणून देतात. तिच्यावर मतदाराचे नाव, यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता असतो. दुसरी चिठ्ठी केंद्राबाहेर काही अंतरावर टेबल टाकून बसलेले पक्षांचे कार्यकर्ते देतात. पत्रकात तिचा उल्लेखही नसतो, पण वाचणाऱ्याच्या मनात 'चिठ्ठी' म्हटले की बऱ्याचदा हीच उभी राहते. तिसरी दुसऱ्या मतदान अधिकाऱ्यांकडून मिळते आणि दोन मिनिटांत तिसऱ्या अधिकाऱ्यांकडे जमा होते. चौथी फक्त मतदानाची वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्यांना मिळते. केंद्राध्यक्ष त्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून वाटत पुढे येतात, म्हणजे वेळ संपल्यावर मागे कोणी नव्याने उभे राहू शकत नाही. पाचवी व्हीव्हीपॅटच्या काचेआड दिसते आणि आपोआप पेटीत पडते. ती कोणाच्या हातात येत नाही.

एका वस्तीत पत्रकाचा मसुदा वाचून दाखवल्यावर एका आजींनी विचारले होते, "मग ती यंत्रातली चिठ्ठी तिसऱ्या सायबाला परत द्यायची ना?" त्यांची काही चूक नव्हती. पत्रकात तिसऱ्या ओळीत 'चिठ्ठी जमा करा' होते आणि सहाव्या ओळीत 'चिठ्ठी पाहा' होते. दोन्ही चिठ्ठ्या एकच असणार, असे त्यांनी धरले. मराठी वाचणारा कोणीही तसेच धरेल.

उपाय सोपा आहे, फक्त तो सगळीकडे पाळावा लागतो. नुसता 'चिठ्ठी' हा शब्द पत्रकात एकदाही येऊ देऊ नका. 'घरी आलेली माहिती चिठ्ठी', 'दुसऱ्या अधिकाऱ्यांनी दिलेली चिठ्ठी', 'व्हीव्हीपॅटमधली छापील चिठ्ठी' अशी नावे ठरवा आणि तीच शेवटपर्यंत ठेवा. वाक्य लांबते, लांबू द्या. प्रत्येक चिठ्ठीबरोबर ती शेवटी कुठे जाते तेही सांगा: जवळ राहते, जमा होते की पेटीत पडते.

पहिल्या चिठ्ठीबद्दल आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहावी लागते. ती ओळखीचा पुरावा नाही. पूर्वी छायाचित्र असलेली मतदार चिठ्ठी दाखवून मतदान करता येत असे, पण २०१९ पासून ते बंद झाले. ज्यांनी जुन्या निवडणुकीत तसे मतदान केले आहे ते आजही नुसती चिठ्ठी घेऊन येतात आणि रांगेतून परत जातात.

'बूथ' या शब्दाचा घोळ याच जातीचा आहे. इंग्रजी पत्रकात तो कधी संपूर्ण मतदान केंद्रासाठी येतो, कधी आडोशाच्या जागेसाठी. आपल्याकडे बोलताना पक्षाच्या टेबलालाही बूथच म्हणतात. 'शाई दाखवून बूथकडे जा' असे छापले, तर मतदाराने नेमके जायचे कुठे? इमारतीतल्या खोलीला 'मतदान केंद्र' म्हणा आणि यंत्र ठेवलेल्या आडोशाला 'मतदान कक्ष'. पहिल्यांदा येईल तिथे 'मतदान कक्ष, म्हणजे यंत्र ठेवलेला आडोसा' असे फोडून लिहा. 'बूथ' हा शब्द पूर्ण काढून टाका.

*तपासा:* मसुद्यातली सगळी नामे रंगीत पेन्सिलीने अधोरेखित करा. एका वस्तूला दोन नावे पडली आहेत का? एक नाव दोन वस्तूंना गेले आहे का?

टप्पा ४: 'पाहिजे', 'चालेल' आणि 'तरच' यांची शहानिशा करा

पत्रकातली अट थोडी जरी घट्ट झाली, तरी हक्क असलेला माणूस घरी बसतो. थोडी सैल झाली, तर तो रांगेत तासभर उभा राहून परत जातो.

'मतदार ओळखपत्र असेल तरच मतदान करता येईल' हे वाक्य मी अनेकदा खोडले आहे. ते दोन्ही बाजूंनी चूक आहे. मतदार यादीत नाव असेल आणि ओळखपत्र हरवले असेल, तर आयोगाने मान्य केलेल्या इतर छायाचित्र असलेल्या कागदपत्रांपैकी एक दाखवून मतदान करता येते. आधार कार्ड, पॅन कार्ड, वाहन चालवण्याचा परवाना, पासपोर्ट, बँकेचे किंवा पोस्टाचे छायाचित्र असलेले पासबुक, मनरेगाचे जॉब कार्ड ही त्यातली नेहमीची. उलट ओळखपत्र खिशात आहे, पण यादीत नाव नाही, तर मतदान करता येत नाही. म्हणून दोन वाक्ये हवीत आणि यादीचे वाक्य आधी हवे: 'मतदार यादीत तुमचे नाव असणे आवश्यक आहे. ओळख पटवण्यासाठी मतदार ओळखपत्र दाखवा. ते नसेल, तर पुढीलपैकी एक कागदपत्र चालेल.' त्यानंतरची यादी त्या निवडणुकीच्या आदेशातून जशीच्या तशी घ्या, जुन्या पत्रकातून नाही.

वयाच्या ओळीत मराठीचा स्वतःचा एक सापळा आहे. 'अठरावे वर्ष लागलेला' म्हणजे सतरा पूर्ण झालेला. इंग्रजीतून आणताना काहीजण 'अठराव्या वर्षी' लिहितात आणि वाचणाऱ्याला एक वर्ष आधीच हक्क देऊन टाकतात. 'वयाची १८ वर्षे पूर्ण' एवढेच लिहा.

मतदानाची वेळ संपण्याबद्दलही अट नीट सांगा. 'वेळेनंतर मतदान करता येणार नाही' हे अर्धे सत्य आहे. वेळ संपताना जे रांगेत असतात, त्या सर्वांना मतदान करता येते, मग त्यांचा नंबर कितीही उशिरा येवो. ही ओळ नसेल, तर कामावरून सुटून आलेली माणसे लांब रांग पाहून परत फिरतात.

टप्पा ५: घोषणा आणि कल गाळून काढा

उघड घोषणा सापडायला सोप्या असतात. 'पवित्र हक्क', 'लोकशाहीचा उत्सव', 'सुजाण मतदार, बलवान देश' यांवर सरळ काट मारा. त्या ओळींनी अडवलेल्या जागेत कागदपत्रांची यादी मोठ्या अक्षरात बसते. मूळ पत्रकात घोषणा असेल आणि ती ठेवायचा आग्रह असेल, तर पायऱ्यांच्या पानावर ती येणार नाही एवढे तरी मान्य करून घ्या.

अवघड असतो तो न दिसणारा कल. 'तुमच्या पसंतीचा उमेदवार' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे मराठीत 'योग्य उमेदवार', 'लायक उमेदवार', 'आवडता उमेदवार' असे काहीही होते. 'योग्य' म्हटले की कोणीतरी अयोग्य आहे, हे पत्रकच सांगते. 'तुम्हाला ज्या उमेदवाराला मत द्यायचे आहे' हे शब्द लांब आहेत, पण त्यात कोणाचा न्याय केलेला नाही. नोटाच्या ओळीत 'नाइलाजाने', 'फक्त', 'तरीही' असे शब्द शिरतात आणि तो पर्याय कमी प्रतीचा वाटू लागतो, किंवा उलट त्याची शिफारस होते. 'कोणत्याही उमेदवाराला मत द्यायचे नसेल, तर यादीच्या शेवटी असलेल्या नोटासमोरचे बटण दाबा' हे पुरेसे आहे. नोटाचे मराठी नाव यंत्रावरच्या मतपत्रिकेत जसे छापले जाते, तसेच्या तसे वापरा. स्वतः भाषांतर करायला बसू नका.

त्याहून सूक्ष्म प्रकार निवडणूक चिन्हांचा. हात, कमळ, घड्याळ, धनुष्यबाण, मशाल, रेल्वे इंजिन, तुतारी यांपैकी कोणतीही वस्तू आपल्या पत्रकात शब्दाने किंवा चित्राने येता कामा नये. मराठी तर अशा शब्दांनी भरलेली आहे. 'मदतीचा हात', 'जागृतीची मशाल', 'घड्याळाकडे लक्ष ठेवा' हे सगळे सहज लिहून जाते. बीपच्या आवाजाला 'शिट्टी' म्हणणारा मसुदा मी पाहिला आहे. शिट्टीही निवडणूक चिन्ह आहे आणि 'शिट्टी वाजली म्हणजे मत नोंदले गेले' या वाक्याचा प्रचारासारखा अर्थ लावणे काही अवघड नाही. 'बीप असा आवाज' म्हणा.

चित्रातही हेच. शाईचे बोट दाखवताना पूर्ण पंजा काढू नका, एकच बोट आणि मनगटाचा भाग दाखवा. नमुन्याच्या मतपत्रिकेवर पतंग, बादली, कपबशी अशी 'निरुपद्रवी' चित्रे टाकण्याचा मोह होतो, पण रोजच्या वापरातल्या अशा कितीतरी वस्तू आयोगाच्या चिन्हांच्या यादीत असतात. त्रिकोण, चौकोन, वर्तुळ वापरा आणि नावांच्या जागी 'उमेदवार १', 'उमेदवार २' लिहा. काल्पनिक आडनावही नको, कारण आडनावावरून वाचणारा जात आणि पक्ष दोन्ही ताडतो. नमुन्यात बटण दाबणारे बोट पहिल्याच ओळीवर आहे का, तेही पाहा. दोन चित्रांत दोन वेगळ्या ओळी दाखवणे, किंवा बोट यंत्रापासून थोडे दूर ठेवणे चांगले.

*तपासा:* मसुदा वेगवेगळ्या राजकीय मतांच्या दोघांना वाचायला द्या आणि एकच विचारा: यातली कोणती ओळ दुसऱ्या बाजूची वाटते? दोघांनी वेगळ्या ओळी दाखवल्या, तरी दोन्ही बदला.

टप्पा ६: आता अनुवाद लिहा

इतके झाल्यावरच लेखणी उचलायची. शाई आणि चिठ्ठीच्या त्याच वाक्याचा मला आलेला एक मसुदा असा होता:

'द्वितीय मतदान अधिकारी आपल्या बोटावर शाई लावतील, आपणांस चिठ्ठी देतील व नोंदवहीवर आपली स्वाक्षरी घेतील. सदर चिठ्ठी तृतीय मतदान अधिकाऱ्यांकडे जमा करून व शाई लावलेले बोट दर्शवून आपण मतदान केंद्राकडे मार्गस्थ व्हावे.'

मतदार आधीच मतदान केंद्रात उभा आहे. त्याला पुन्हा केंद्राकडे जायला सांगितले आहे. 'द्वितीय', 'सदर', 'मार्गस्थ' हे शब्द नोटिशीतले आहेत. शिवाय एका वाक्यात तीन कामे आहेत, आणि तीही करणारे अधिकारी. मतदाराने काय करायचे ते वाचणाऱ्याने स्वतः शोधायचे.

संपूर्ण भाग मी असा लिहिला:

१. पहिल्या मतदान अधिकाऱ्यांना तुमचे ओळखपत्र दाखवा. ते मतदार यादीत तुमचे नाव पाहतील.
२. दुसऱ्या मतदान अधिकाऱ्यांकडे जा. ते तुमच्या डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला शाई लावतील. नोंदवहीत सही करा किंवा अंगठा द्या. मग ते तुम्हाला एक चिठ्ठी देतील.
३. दुसऱ्या अधिकाऱ्यांनी दिलेली चिठ्ठी तिसऱ्या मतदान अधिकाऱ्यांना द्या. शाईचे बोट दाखवा. ते सांगतील तेव्हा मतदान कक्षात, म्हणजे यंत्र ठेवलेल्या आडोशामागे, जा. आत एका वेळी एकच मतदार जातो.
४. यंत्रावर उमेदवारांची नावे आणि चिन्हे असतात. तुम्हाला ज्या उमेदवाराला मत द्यायचे आहे, त्याच्या किंवा तिच्या नावासमोरचे निळे बटण एकदा दाबा. त्या नावाजवळ लाल दिवा लागेल.
५. शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेतून पाहा. उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली छापील चिठ्ठी ७ सेकंद दिसेल. मग ती आपोआप पेटीत पडेल. ही चिठ्ठी मतदाराला मिळत नाही.
६. छापील चिठ्ठी दिसेपर्यंत आणि 'बीप' असा लांब आवाज येईपर्यंत तिथेच थांबा. यांपैकी एखादी गोष्ट झाली नाही, तर केंद्राध्यक्षांना सांगा.

'तर्जनी' हा शब्द बरोबर आहे, पण बोटांची संस्कृत नावे कित्येकांना आठवून सांगावी लागतात. 'अंगठ्याशेजारचे बोट' म्हटले की चूक होत नाही. क्रियापदे 'करा', 'द्या', 'थांबा' अशीच ठेवा. त्यात आदर आहे, आणि बाई की पुरुष हा प्रश्न येत नाही. 'आपण' आणि 'तुम्ही' यांची सरमिसळ टाळा. मी 'तुम्ही' घेतो, कारण 'आपण'चा अर्थ कधीकधी 'आपण सगळे' असा होतो.

क्वचित येणारे प्रसंग पायऱ्यांमध्ये घुसडू नका, खाली वेगळ्या चौकटीत द्या. दृष्टिहीन किंवा स्वतः बटण दाबू न शकणाऱ्या मतदाराला १८ वर्षे पूर्ण झालेला सोबती नेता येतो. आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर निघून न जाता केंद्राध्यक्षांना सांगावे. ओळख पटल्यावर तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. कायद्यात याला ठरलेले नाव आहे, पण पत्रक वाचणाऱ्याला नावापेक्षा 'निघून जाऊ नका' हे शब्द जास्त उपयोगी पडतात.

टप्पा ७: वाचून नाही, चालवून तपासा

पाच-सहा माणसे जमवा. पहिल्यांदा मतदान करणारे एक-दोन, वयस्क एक-दोन आणि स्वतः न वाचता दुसऱ्याकडून ऐकणारे किमान एक. 'समजले का?' असे विचारू नका, कारण त्याला सगळे 'हो' म्हणतात. तीन खुर्च्या, एक खोके आणि पुठ्ठ्याचा आडोसा मांडा, पत्रक हातात द्या आणि म्हणा, "आता यात लिहिलंय तसं करा." तुम्ही गप्प बसा.

मागच्या खेपेला चारपैकी दोघेजण दुसऱ्या खुर्चीवरून उठून सरळ आडोशाकडे गेले. कारण शोधल्यावर दिसले, की तिसरी पायरी पानाच्या मागच्या बाजूला गेली होती. अनुवाद ठीक होता, कागदाची घडी चुकीची होती. माणूस अडखळला, की ती पायरी आणि तिच्या आधीची पायरी अशा दोन्ही पुन्हा लिहा, कारण चूक बहुधा आधीच्या पायरीत असते.

टप्पा ८: छपाईपूर्वीची शेवटची नजर

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे मांडणी करणाऱ्याच्या लक्षात नसते. 'दुसऱ्यांदा बटण दाबू' एवढे एका रकान्यात आणि 'नका' पुढच्या रकान्यात गेले, की सूचना उलटी होते. नकाराची सगळी वाक्ये शोधून ती एका ओळीत बसतात का ते पाहा. बसत नसतील, तर होकारात फिरवा: 'बटण एकदाच दाबा.'

डीटीपी करणारे अजूनही पुष्कळदा युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. मजकूर एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना जोडाक्षरे आणि 'ॅ' सारखी चिन्हे गळतात, 'व्हीव्हीपॅट'चे भलतेच काही होते. म्हणून तुम्ही पाठवलेली फाइल नाही, तर छापायला जाणारे शेवटचे प्रूफ कागदावर काढून वाचा. मदत क्रमांक आणि संकेतस्थळ मोबाइलवर जसे टाइप करायचे तसेच छापा, म्हणजे 1950 आणि voters.eci.gov.in. त्यांचे देवनागरीकरण करू नका, आणि छपाईच्या आदल्या दिवशी दोन्ही स्वतः उघडून, फोन लावून पाहा.

प्रूफ तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेला दाखवा. त्यांच्यापुढे 'बघून घ्या' म्हणून गठ्ठा ठेवू नका. कागदपत्रांची यादी, मतदानाची वेळ आणि नोटाचे नाव, या तीन ठिकाणी खूण करून द्या आणि त्या नेमक्या ओळी तपासायला सांगा. शेवटी पत्रक कोणी काढले, कुठे छापले आणि मजकूर कोणत्या तारखेपर्यंतचा आहे, ते तळाशी वाचता येईल अशा अक्षरात टाका. तारीख नसलेली पत्रके पुढच्या निवडणुकीत कपाटातून बाहेर निघतात आणि जुनी यादी पुन्हा वाटली जाते.